प्लॅन उतरला, परत चढला आणि गाडीवाला हिशेबनीस झाला: प्लॅन आणि रोल वेगळे कसे ठेवायचे?

पेटीवाला (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा चुलतभाऊ मिळून आंबा बागायतदारांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. बागेतून किती माल उतरला, आढीत किती गेला, किती पेट्या भरल्या, कुठल्या गाडीने वाशीला गेल्या आणि दलालाकडून पट्टी काय आली, एवढाच पसारा. सध्या ३८ बागायतदार आहेत.

प्लॅन दोन. 'पेटी' फुकट आहे, त्यात तीन माणसं आणि हंगामाला ५०० पेट्या. 'हंगाम' १८,००० रुपयांचा, १ मार्च ते १० जून. त्यात माणसं हवी तितकी, पेटीवर चिकटवायचा क्यूआर आणि दलालवार दरांची तुलना. जून उजाडला की जवळजवळ सगळे फुकटात उतरतात आणि मार्चला परत वर चढतात. आंब्याचा धंदाच तसा, त्यात त्यांची चूक नाही.

चूक आमची. पहिल्या वर्षी घाईत रोलच्या नावातच प्लॅन घुसवला. पैसे भरलेल्या बागेत चार रोल: `pro_owner`, `pro_accountant`, `pro_packer`, `pro_driver`. फुकटवाल्यांना दोनच: `free_owner` आणि `free_member`. कोडमध्ये ठिकठिकाणी असं:

```
if user.role in ("free_owner", "pro_owner", "pro_accountant"):
    show_rates()
```

प्लॅन बदलला की रात्रीचा जॉब सगळ्यांचे रोल बदलून टाकतो. उतरताना हिशेबनीस, आढीवाले, गाडीवाले सगळे `free_member`. चढताना `free_member` कोण होता हे जॉबला कुठून कळणार? भावाने तेव्हा विचार केला की कुणाचं काम अडायला नको, म्हणून सरसकट `pro_accountant`.

आता यंदाचा प्रकार. एका बागेत ११ माणसं: मालक आणि त्यांची मुलगी, एक हिशेबनीस, पाच आढीवाले, तीन गाडीवाले. ४ मार्चला पैसे आले, रात्री जॉब चालला आणि ५ तारखेला सकाळी नऊ हिशेबनीस तयार. गाडीवाल्याने मोबाईल उघडला तर समोर गेल्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्या, कुठल्या दलालाने कुठल्या दिवशी काय दर दिला ते सगळं. त्या बिचाऱ्याचा काही डाव नव्हता. त्याने वडाच्या पारावर सहज बोलून दाखवलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या वाडीत दर पोचले आणि रात्री मालकांचा मला फोन. तो फोन इथे लिहीत नाही.

प्रश्न असा: जुना रोल एका कॉलममध्ये जपून ठेवून परत लावला तर पुरेल का? की मुळापासून उसकटायला हवं? भाऊ पहिल्याच्या बाजूने आहे. आंबा चालू आहे, हातात वेळ नाही.

---

वेळणेश्वरची मावशी

अरे बाबा, हे आमच्याकडेही झालंय! आमचं होमस्टे आहे, चार खोल्या. बुकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, वर्षाचे पैसे भरले, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला उद्या किती पानं आहेत ते दिसतच नाही. तिला स्क्रीनवर 'वरचा प्लॅन घ्या' येतं. मी म्हटलं वरचाच तर घेतलाय! प्लॅन घेतला की सगळ्यांना सगळं दिसायला हवं ना? पैसे घेतात ते कशाचे मग?

---

कुडाळ पॅसेंजर

३८ गिऱ्हाईकं. एक `old_role` कॉलम टाका, झालं. मोठ्या कंपन्यांची सोंगं आणायची आणि ऐन आंब्यात सॉफ्टवेअर बंद पाडायचं, त्यापेक्षा तुमच्या भावाचं बरोबर आहे.

---

खाडीपलीकडची (दापोली)

पेटीवाला, `old_role` नको. कारण सांगते. मी आठ वर्षं बिलिंगच्याच कामात आहे, आणि हा खड्डा मी स्वतः खणलेला आहे.

जूनमध्ये तुम्ही `old_role` मध्ये 'आढीवाला' लिहून ठेवाल. ऑगस्टमध्ये मालक त्याच माणसाला हिशेबाला बसवतील, कारण पावसाळ्यात दुसरं काम नाही. ते बदल करतील `role` मध्ये. मार्चला तुमचा जॉब येऊन `old_role` परत लावेल आणि मालकांनी स्वतःच्या हाताने केलेला बदल पुसेल. म्हणजे दुखणं तेच, फक्त यावेळी कुणाच्या लक्षात यायला जास्त दिवस लागतील.

मुळात पैसे आले किंवा थांबले, या घटनेने माणसाचा रोल बदलण्याचं कारणच काय? कराराने बाग घेतली म्हणून झाडावर चढणारा गडी मालक होत नाही, आणि करार संपला म्हणून त्याचं झाडावर चढणं विसरलं जात नाही. करार बागेचा असतो, काम माणसाचं.

तुमच्या कोडमध्ये दोन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबले आहेत. एक, या बागेच्या खात्याला क्यूआर छापायची मुभा आहे का? याचं उत्तर प्लॅनमधून येतं आणि ते खात्यातल्या सगळ्यांना सारखंच असतं. दोन, या माणसाला या बागेत पट्टी बघायची परवानगी आहे का? याचं उत्तर मालकांनी दिलेल्या रोलमधून येतं, प्लॅन कुठलाही असो. दोन्हीकडून होकार आला तरच काम पुढे. कोड एवढासाच होतो:

```
def check(member, action, feature=None):
    if action not in ROLE_ACTIONS[member.role]:
        return "no_role"
    if feature and not entitled(member.account_id, feature):
        return "no_plan"
    return "ok"
```

`feature` मुद्दाम ऐच्छिक ठेवलंय. पट्टी बघणं हे तुम्ही विकतच नाही, ती मालकांची स्वतःची आकडेवारी आहे. तिथे फक्त रोल विचारा. दलालवार तुलना तुम्ही विकता, तिथे दोन्ही विचारा. तुमच्या वरच्या ओळीत `free_owner` आणि `pro_owner` दोन्ही लिहावे लागले, त्यातच कळतं की तिथे प्लॅनचा काही संबंध नव्हता.

आणि `entitled` मध्ये प्लॅनचं नाव विचारू नका, सुविधेचं विचारा. `plan == "hangam"` असं पन्नास ठिकाणी लिहिलंत तर उद्या काजूवाल्यांसाठी तिसरा प्लॅन काढाल तेव्हा पन्नास ठिकाणी हात घालावा लागेल. प्लॅन म्हणजे सुविधांची यादी, ती एका टेबलात राहू दे.

मावशी, तुमच्या प्रश्नावर येते, जरा थांबा.

---

भाट्येकर

ताईंचं तत्त्व पटलं. पण प्रत्येक क्लिकला दोन-दोन टेबलं वाचायची? मी तर लॉगिन झाल्यावर जे टोकन देतो त्यातच रोल आणि प्लॅनच्या सुविधा दोन्ही भरून देतो. सही केलेलं टोकन आहे, कुणी फेरफार करू शकत नाही. डेटाबेसकडे जायलाच नको. आणि दोन्ही वेगवेगळ्या नावांनी ठेवले की वेगळेपणही राहिलंच की.

---

खाडीपलीकडची

भाट्येकर, वेगळेपण राहिलं हे खरं. प्रत्येक क्लिकला डेटाबेस नको हेही खरं. पण टोकन किती वेळ चालतं तुमचं?

---

भाट्येकर

१२ तास. सकाळी लॉगिन, दिवसभर काम.

---

खाडीपलीकडची

मग असं होतं. मालकांनी सकाळी आठला लॉगिन केलं, दहा वाजता १८,००० भरले. बँकेचा मेसेज आला, पण क्यूआरच्या बटणावर कुलूप तसंच, रात्री आठपर्यंत. कारण टोकनमध्ये सकाळचा प्लॅन गोठलाय. पैसे भरूनही कुलूप दिसलं की माणूस पहिला फोन तुम्हालाच करतो, आणि तुम्ही सांगता 'एकदा लॉगआऊट करून बघा'. रोलचं तर याहून वाईट. ज्या गाडीवाल्याला मालकांनी आत्ता काढलं, तो संध्याकाळपर्यंत आतच आहे.

टोकनमध्ये फक्त माणूस कोण आणि आत्ता कुठल्या बागेच्या खात्यात काम करतोय एवढंच ठेवा. सुविधांची यादी खात्यानुसार कॅशमध्ये पाच मिनिटं राहू दे, आणि पेमेंट गेटवेकडून वेबहुक आला की त्या एका खात्याची कॅश उडवा. खात्याची यादी एकच, मग माणसं ३ असोत की ३०. एकत्र गुंडाळलं की हा फायदा जातो.

वेबहुकवर आंधळा भरवसा मात्र नको. तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो, नंतरचा आधी येऊ शकतो. म्हणून 'वेबहुक आला, एक पायरी वर चढव' असं न करता, आला की गेटवेला विचारायचं 'या वर्गणीची आत्ताची स्थिती काय' आणि ती लिहायची.

---

तीन बागांचा मुनीम (राजापूर)

मी कोडवाला नाही, पण पेटीवाला यांचंच सॉफ्टवेअर वापरतो म्हणून लिहितो. मी तीन बागांचा हिशेब सांभाळतो. एक पैसे भरलेली, दोन फुकट. तुमच्यात एका मोबाईल नंबरला एकच बाग जोडता येते. म्हणून मी तीन सिम घेतलीत. एक माझं, एक बायकोचं, एक मुलाचं. मुलगा आता कॉलेजला रत्नागिरीला गेला. ओटीपी आला की त्याला लेक्चरमध्ये फोन करावा लागतो.

याचा या धाग्याशी संबंध आहे का ते माहीत नाही. असेल तर बघा.

---

पेटीवाला

मुनीमकाका, संबंध आहे, आणि लाजही वाटली. आमच्या `users` टेबलातच `account_id` आणि `role` दोन्ही आहेत. एक माणूस, एक बाग, एक रोल. प्लॅनही तिथूनच शोधतो.

---

खाडीपलीकडची

धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद मुनीमकाकांचा आहे. 'माणसाचा प्लॅन कुठला' या प्रश्नाला काकांच्या बाबतीत उत्तरच नाही. एका बागेत त्यांना तुलना दिसायला हवी, उरलेल्या दोन बागांत नको, आणि हिशेबनीस तिन्हीकडे.

म्हणून मध्ये एक टेबल हवं, `memberships`: माणूस, खातं, रोल, आणि तो सध्या चालू आहे की थांबलेला. `users` मध्ये नाव-नंबर सोडून काही नको. वर्गणी `accounts` कडे. मुनीमकाकांच्या तीन ओळी होतील, नंबर एकच राहील.

आता मावशी. तुमच्या बाईंना 'वरचा प्लॅन घ्या' दिसतंय, पण मला वाटतं अडचण प्लॅनची नाही. तुम्ही किंवा घरातल्या कुणीतरी बाईंना असा रोल दिलाय ज्यात बुकिंग दिसत नाही. आणि त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी नकाराला एकच पाटी लावलीय, कारण कुठलंही असो. प्लॅन घेतला की सगळ्यांना सगळं दिसायला हवं, असं तुम्ही म्हणालात. पण मग त्या बाईंना पाहुण्यांनी दिलेले पैसेही दिसतील. चालेल का?

---

वेळणेश्वरची मावशी

नाही ग बाई, ते नको. तिला पानं किती आणि शाकाहारी किती एवढं कळलं की पुरे. रोल कुठे असतो ते मुलाला विचारते, त्यानेच सगळं लावून दिलंय. तो मुंबईला असतो, रविवारी फोन करेन.

पण मग 'वरचा प्लॅन घ्या' असं खोटं कशाला लिहितात?

---

पेटीवाला

मावशी, आमच्यातही तसंच लिहिलंय. :( गेल्या वर्षी एका आढीवाल्याने ते बटण दाबलं. पेमेंटचं पान उघडलं, आणि घाबरून त्याने मालकांना फोन केला की माझ्याकडून १८,००० मागतायत.

---

खाडीपलीकडची

म्हणूनच वरच्या फंक्शनमधून साधं हो-नाही न देता कारण परत येतं. `no_role` असेल तर पाटी: 'हे बघायची परवानगी तुमच्या मालकांकडे मागा', सोबत मालकांचं नाव. `no_plan` असेल तर 'ही सुविधा सध्याच्या प्लॅनमध्ये नाही', आणि पैसे भरायचं बटण फक्त ज्याच्या रोलमध्ये `manage_billing` आहे त्यालाच. बाकीच्यांना बटण नकोच.

क्रमही म्हणूनच तसा आहे. आधी रोल, मग प्लॅन. ज्याचा त्या कामाशी संबंध नाही त्याला मालकांनी पैसे भरलेत की नाही हे कळायचं कारण नाही.

---

भाट्येकर

इथे मी सहमत नाही. प्लॅनमध्ये नसलेली सुविधा मालक सोडून इतरांनाही दिसली पाहिजे. आमचा अनुभव असा की कामगारच मालकाला जाऊन सांगतात, 'अमुक घ्या, काम सोपं होईल'. विक्री खालून वर जाते. सर्व्हरवरही तुमच्या उलट क्रम आहे आमचा. प्लॅन नसेल तर ४०२, रोल नसेल तर ४०३, आणि ४०२ आधी.

---

खाडीपलीकडची

सुविधा आहे हे दाखवायचं की नाही, हा विक्रीचा निर्णय आहे. तुमचा बरोबर असू शकतो, माझ्याकडे तुमच्यासारखी गिऱ्हाईकं नाहीत. ४०२ बद्दल एवढंच, की एचटीटीपीच्या प्रमाणात तो आकडा 'पुढे वापरण्यासाठी राखीव' असाच लिहिलाय. घरातल्या घरात वापरायला हरकत नाही, पण ब्राउझरला त्यातून आपोआप काही समजत नाही. कारण उत्तराच्या मजकुरात द्याच.

---

कुडाळ पॅसेंजर

बरं, `old_role` मागे घेतो. ऑगस्टचं उदाहरण पटलं. पण 'रोल आणि प्लॅनचा संबंध नाही' हे जरा जास्तच झालं. आधीच्या कंपनीत आम्ही रोलच विकायचो. महागड्या प्लॅनमध्ये गिऱ्हाईकाला स्वतःचे रोल बनवता यायचे, खालच्यात ठरावीक तीन. मग?

---

खाडीपलीकडची

विकायचात ती रोल *बनवायची मुभा*. रोल नव्हे. `custom_roles` ही एक सुविधा, क्यूआरसारखीच.

पण तुम्ही काढलेली जागा खरंच निसरडी आहे. प्लॅन उतरल्यावर त्या बनवलेल्या रोलचं काय करायचात?

---

कुडाळ पॅसेंजर

ठरावीक तिनांपैकी सगळ्यात जवळच्या रोलमध्ये टाकायचो. 'कर्मचारी' बहुतेक.

---

खाडीपलीकडची

आणि समजा मालकांनी 'फक्त मोजणी' असा रोल बनवला होता, ज्यात माणूस पेट्या मोजतो पण दर बघत नाही. तुमच्या 'कर्मचारी' मध्ये दर दिसायचे?

---

कुडाळ पॅसेंजर

…दिसायचे. हं.

---

खाडीपलीकडची

म्हणजे मालकांनी पैसे थांबवले आणि त्यांच्या माणसाला आधीपेक्षा *जास्त* दिसायला लागलं. पेटीवाल्यांचा अपघात तोच, फक्त आरसा फिरवलेला. आम्ही असं केलं: प्लॅन उतरला तरी आधीच बनवलेले रोल जसेच्या तसे लागू राहतात. नवीन बनवता येत नाही, आहेत त्यांत बदल करता येत नाही, एवढंच. याला फुकटात जास्त दिलं असं म्हणणारे आमच्या विक्री विभागातही होते. माझं म्हणणं, बंधन घालण्याची सोय फुकट राहिली तरी चालेल, पण पैसे थांबले म्हणून बंधन सैल होता कामा नये.

---

पेटीवाला

ठरलं, मुळापासून करतोय. भाऊही तयार झाला. मुनीमकाकांच्या तीन सिमांनी त्याला जास्त पटलं, ताईंच्या तत्त्वाने कमी. :)

आता अडलेल्या दोन-तीन गोष्टी.

पहिली, कबुलीच आहे. मार्च १ ला मॅन्डेटने पैसे कापले जायला हवे होते, पण रक्कम १५,००० च्या वर असल्यामुळे ओटीपी लागतो, आणि मालक बागेत, तिथे रेंज नाही. त्यांना त्याच दिवशी क्यूआर छापायचे होते, गाडी निघायची होती. मी काय केलं असेल? त्यांच्या मुलीला आमचा आतला `superadmin` रोल दिला. दोन दिवस. म्हणजे तिला ३८ बागांचं सगळं उघडं होतं. तिने बघितलं नाही, पण दिसत होतं.

दुसरी, माणसांची संख्या. फुकटात तीन. त्या बागेत ११. आत्तापर्यंत फक्त नवीन माणूस जोडताना मोजायचो, म्हणून जूननंतर ११ च्या ११ तसेच राहायचे. आता काय करू? आठ काढून टाकू?

---

खाडीपलीकडची

पहिल्या गोष्टीवर रागवत नाही. मदत करायची घाई आणि हाताशी एकच खुंटी, ती म्हणजे रोल. दुसरी खुंटी ठोका. `account_grants` असं टेबल: खातं, सुविधा, कधीपर्यंत, कुणी दिली, का. `entitled` आधी प्लॅनची यादी बघेल, मग यातली मुदत न संपलेली ओळ. त्या दिवशी तुम्ही 'हे खातं, `qr_print`, ८ मार्चपर्यंत, ओटीपी अडलाय' एवढी ओळ टाकली असती. मुदतीचा कॉलम रिकामा ठेवताच येणार नाही असा करा, नाहीतर दोन वर्षांनी कुणाला काय फुकट दिलंय ते कुणालाच आठवणार नाही. आणि मॅन्डेटची पूर्वसूचना किमान २४ तास आधी जातेच, त्याच वेळी तुम्हीही मालकांना फोन करा की उद्या रेंजमध्ये राहा.

दुसरी गोष्ट. काढून टाकू नका. माणूस काढला की त्याचा रोल गेला, आणि मार्चला तुम्ही परत अंदाजाने लावत बसाल. `memberships` मध्ये स्थितीचा वेगळा कॉलम ठेवा, `active` किंवा `paused`. रोलला हात नाही. जूनमध्ये मालकांना विचारा, यातले तीन कोण चालू ठेवायचे. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर मालक-रोलवाले चालू, बाकी थांबलेले. निदान एक मालक चालू राहिलाच पाहिजे, नाहीतर परत पैसे भरायलाच कुणी उरणार नाही. मार्चला प्लॅन चढला की थांबलेले सगळे आपोआप चालू, आपापल्या रोलवर.

---

तीन बागांचा मुनीम

बाई, बाकी काही कळलं नाही पण शेवटचं वाक्य खटकलं. आमच्याकडे गाडीवाले आणि आढीवरचे गडी दर हंगामाला तेच नसतात. गेल्या वर्षीचा गडी यंदा शेजाऱ्याच्या बागेत आहे. त्याचा मोबाईल तोच. मार्चला आपोआप चालू झाला तर तो शेजारी बसून आमच्या गाड्या कधी निघतात ते बघेल.

---

खाडीपलीकडची

काका, हे मला सुचलंच नसतं. आमची गिऱ्हाईकं ऑफिसं, तिथे माणसं वर्षानुवर्षं तीच.

मग असं करा, मार्चला रोल जपलेले राहतील पण माणसं थांबलेलीच राहतील, आणि मालकांना यादी दिसेल: नाव, रोल, शेवटचं कधी उघडलं. मालक टिकमार्क करतील तेवढेच चालू. प्लॅनने जागा वाढवली, माणसं मालकांनी बसवली. माझ्या आधीच्या वाक्यात प्लॅन परत माणसांच्या टेबलात शिरला होताच की.

---

भाट्येकर

ऐन हंगामात मालक टिकमार्क करत बसेल? ११ जणांचे फोन तुम्हाला येतील की ॲप उघडत नाही. आपोआप चालू करा आणि मालकाला काढायची सोय द्या.

---

तीन बागांचा मुनीम

टिकमार्क मीच करेन. तिन्हीकडचे.

---

पेटीवाला

अपडेट, आठ दिवसांनी. काय काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

रात्रीचा जॉब सगळ्यात आधी बंद केला. मग `memberships` बनवलं. रोल परत कुठून आणायचे हा खरा डोंगर होता, कारण रोल-बदलाची नोंद आम्ही कधी ठेवलीच नव्हती. गेल्या ३१ मेचा बॅकअप सापडला, त्यातून प्रत्येकाचा `pro_` काढून खरा रोल घेतला. त्यानंतर जोडलेली माणसं २३ निघाली, त्यांचा रोल कुठेच नव्हता. त्यांना सगळ्यात कमी दिसणारा रोल दिला आणि मालकांना एकेक फोन केला. दोन मालक चिडले, बाकीच्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. एकाने तर सांगितलं की त्यातला एक माणूस त्यांच्याकडे कधी नव्हताच.

नंतर ताईंनी व्यनिमध्ये सांगितलेली युक्ती केली. पैशांचा जॉब डेटाबेसला वेगळ्या नावाने जोडतो, आणि त्या नावाची रोलच्या टेबलावर लिहायची परवानगीच काढून टाकली:

```
revoke insert, update, delete
  on memberships from billing_job;
```

त्याच दिवशी जॉब दोनदा आपटला. म्हणजे बंद करूनही रोल बदलणारा कोड आणखी दोन ठिकाणी लपला होता. एक परताव्याच्या फाईलमध्ये, दुसरा चाचणीचे दिवस संपल्यावर चालणारा. नुसतं वाचून हे सापडले नसते.

चाचणीही लिहिली. एक खातं प्लॅनमधून खाली आणतो, परत वर नेतो, आणि आधीचं-नंतरचं `memberships` ओळीला ओळ लावून बघतो. एक अक्षर बदललं तरी चाचणी नापास. उलटंही, रोल बदलतो आणि खात्याच्या सुविधांची यादी तीच आहे ना ते बघतो. पाट्या दोन केल्या. ज्याच्याकडे `manage_billing` नाही त्याला पैशांचं बटण दिसत नाही.

टिकमार्क की आपोआप, यावर मी आणि भाऊ अजून भांडतोय. सध्या टिकमार्क आहे, फेब्रुवारीत बघू.

एक नवीन मात्र निघालं. १० जूननंतर प्लॅन उतरला की क्यूआर पान बंद व्हायचं, कारण तिथेही `entitled` विचारलं होतं. पण ते पान उघडतो कोण? दादरला पेटी घेतलेलं गिऱ्हाईक. तो ना आमचा युजर, ना त्याला रोल. त्याच्या फ्रीजमध्ये अजून चार आंबे आहेत आणि पेटीवरचा क्यूआर म्हणतो 'वरचा प्लॅन घ्या'.

---

कुडाळ पॅसेंजर

हाहाहा. दादरवाल्याकडून १८,००० मागितले तुम्ही.

---

खाडीपलीकडची

मुभा *छापायला* विचारा, *वाचायला* नको. छापताना प्लॅन होता, पेटी विकली गेली, ते पान आता त्या पेटीचं आहे. किती वर्षं चालू ठेवायचं ते मात्र तुम्हीच ठरवा, साठवणुकीचा खर्च तुमचा.

---

वेळणेश्वरची मावशी

मुलाला विचारलं. बाईला त्याने 'पाहुणा' म्हणून जोडलं होतं! आता किचन असा रोल दिलाय, पानं दिसतात. प्लॅनला काही झालेलं नव्हतं.

पेटीवाला, पाच डझनची एक पेटी पाठवशील का? क्यूआर नसला तरी चालेल.